सीझन संपताना पालकांना द्यायचं पत्र: मॅचच्या व्हिडिओवरून पोराची प्रगती कशी दाखवायची

हे नवीन कोचेससाठी लिहितोय, म्हणजे ज्यांच्याकडे अंडर-10, अंडर-12 ची पोरं आहेत, हातात एक बरा फोन आहे आणि सीझन संपला की पालक येऊन विचारतात "सर, कितपत प्रगती आहे?" आणि आपण "छान आहे, मेहनत घेतोय" असं काहीतरी बोलून सुटतो. आमच्या कोल्हापुरात तर अजून वेगळी गंमत, इथं पालकाला फुटबॉल कळतो, बापाने-काकाने शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून पेठांच्या मॅचेस बघितलेल्या असतात, त्यामुळे प्रश्न थेट येतो, "गोल किती मारले?" आता राइट बॅकला खेळणाऱ्या पोराच्या बापाला याचं काय उत्तर देणार. म्हणून हे पत्र, प्रत्येक पोराचं वेगळं, एक पान आणि सोबत पाच-सहा छोट्या क्लिप्स.

आठवणीवर विसंबून हे पत्र लिहू नका. कॅनडातले अभ्यासक इयान फ्रँक्स आणि मिलर यांनी 1986 साली कोचेसना मॅच दाखवून नंतर काय काय घडलं ते विचारलं होतं, तर बरोबर उत्तरं निम्म्याहून कमी निघाली. आपल्याला गोल, भांडणं आणि शेवटची दहा मिनिटं आठवतात, बाकी सगळं मन स्वतःच भरून काढतं.

आधी परवानगी, मग ट्रायपॉड

सीझनच्या सुरुवातीलाच सगळ्या पालकांकडून लेखी संमती घ्या. त्यात तीन गोष्टी साध्या मराठीत: व्हिडिओ कशासाठी काढतोय, कोण बघणार, आणि कधी डिलीट करणार. आपल्याकडे 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 18 वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती मागतो, पण कायदा बाजूला ठेवला तरी कुणाच्या घरी काय परिस्थिती आहे आपल्याला माहीत नसतं, एखाद्या आईला पोराचा व्हिडिओ बाहेर गेलेला अजिबात नको असतो आणि त्याला पक्कं कारण असतं. समोरच्या टीमच्या कोचला पण मॅचच्या आदल्या दिवशी फोन करून सांगा, त्यांची पण पोरंच आहेत. एकाने जरी नको म्हटलं तर त्या मॅचला कॅमेरा लावायचा नाही, विषय संपला.

शूटिंग

कॅमेरा हाफवे लाइनच्या समोर आणि जितका उंच मिळेल तितका उंच. स्टेडियमच्या वरच्या पायरीवरून मॅच नीट कळते आणि टचलाइनवर उभं राहून कळत नाही याचं कारण हेच, खालून बघितलं की सगळे प्लेयर एकमेकांवर चढलेले दिसतात आणि दोघांमध्ये पाच मीटर अंतर आहे की पंधरा ते समजत नाही. तीन-चार मीटर उंची मिळाली तरी काम होतं, शेजारच्या बिल्डिंगचा जिना, टेम्पोचा हौदा, कंपाउंडला घट्ट बांधलेली शिडी, काहीही चालेल, फक्त खाली पोरं खेळत नसतील आणि वाऱ्याने पडणार नाही एवढं बघा. सूर्य कॅमेऱ्याच्या पाठीमागे पाहिजे, सकाळच्या मॅचला मैदानाची कुठली बाजू घ्यायची ते यावरूनच ठरतं.

फोन आडवा, वाइड लेन्स, फोकस आणि एक्सपोजर लॉक, आणि एअरप्लेन मोड, कारण ऐन मॅचमध्ये कुणाचा तरी फोन येतो आणि रेकॉर्डिंग थांबतं. स्टोरेज आधी मोकळं करा, 1080p ला फोनप्रमाणे मिनिटाला साठ ते दीडशे एमबी जातात, म्हणजे 25-25 मिनिटांच्या मॅचला तीन ते सात-आठ जीबी धरून चला. 4K ला त्याच्या दुप्पट-तिप्पट.

आणि बॉलच्या मागे कॅमेरा फिरवायचा नाही! हे नवीन माणसाला सगळ्यात जड जातं, कुणीतरी हौशी पालक "द्या सर मी काढतो" म्हणतो आणि मग अख्खी मॅच बॉल, नाहीतर त्याचा स्वतःचा पोरगा. आपल्याला बॉल यायच्या आधी पोरगं काय करत होतं ते हवंय, म्हणून कॅमेरा एका जागी स्थिर आणि पूर्ण मैदान नाही मावलं तर किमान तीन चतुर्थांश भाग मावेल असा.

कुठल्या मॅचेस घ्यायच्या

सगळ्या मॅचेस बघत बसलात तर एप्रिलपर्यंत पण पत्र लिहून होणार नाही. तीन पुरतात, सुरुवातीची एक, मधली एक, शेवटाकडची एक. शक्यतो साधारण सारख्या ताकदीच्या टीमशी, आणि त्याच पोराने त्याच पोझिशनला बऱ्यापैकी वेळ खेळलेली. पहिली मॅच तगड्या टीमशी आणि शेवटची लिंबूटिंबू टीमशी घेतली की प्रत्येक पोरगं मेस्सी झालेलं दिसतं, त्यात प्रगती कुणाची आहे ते कुणालाच कळत नाही. मॅचेस आधी ठरवा, क्लिप्स नंतर बघा, उलटं केलं की आपण नकळत चांगल्याच मॅचेस उचलतो.

काय मोजायचं

एका पोरासाठी दोन गोष्टी, तिसरी नाही. आणि त्या अशाच ज्या तुम्ही सीझनभर ट्रेनिंगमध्ये शिकवल्यात, न शिकवलेली गोष्ट मोजून पोराला नापास करण्यात काय अर्थ आहे.

इथून पुढं उदाहरणासाठी एक पोरगी घेतो, आकडे समजण्यासाठी म्हणून घेतलेत. अंडर-12, राइट विंगला खेळते, स्पीड आहे, घाबरत नाही, पण बॉल येईपर्यंत डोळे फक्त बॉलवर आणि बॉल आला की मान खाली घालून सरळ समोरच्या डिफेंडरच्या अंगावर. ट्रेनिंगमध्ये तिला एकच गोष्ट वारंवार सांगितली, पास येतोय तेवढ्यात एकदा खांद्यावरून मागे बघ. तर तिच्यासाठी मोजायच्या दोन गोष्टी अशा:

एक, बॉल तिच्या पायाशी यायच्या आधीच्या तीन सेकंदांत तिने बॉलवरून नजर काढून दुसरीकडे, म्हणजे खांद्यावरून किंवा आतल्या बाजूला, एकदा तरी बघितलं का. डोकं स्पष्ट वळलेलं दिसलं तरच हो, शंका असेल तर नाही.

दोन, पहिल्या टचनंतर दोन सेकंदांनी बॉल आपल्याच टीमकडे आहे का. तिच्याकडे असो, पास दिलेला असो, फाउल मिळालेला असो, चालेल.

व्याख्या अशी कागदावर लिहून ठेवायचीच, नाहीतर नोव्हेंबरमध्ये तुम्ही एक मोजता आणि मार्चमध्ये दुसरंच. ही बघण्याची गोष्ट नॉर्वेच्या गेइर यॉर्डेट या अभ्यासकाने मोठ्या प्लेयर्सवर बरीच वर्षं तपासली आहे, बॉल येण्याआधी जे जास्त वेळा आजूबाजूला बघतात त्यांचे पास जास्त पूर्ण होतात असा संबंध दिसतो, पण तो काही फार मोठा नाही. म्हणून नुसती मान वळवणं मोजू नका, पुढं बॉलचं काय झालं ते सोबत पाहिजेच, नाहीतर पोरं शो म्हणून मान वळवायला लागतात, पोरं हुशार असतात.

आता मोजायला बसलात की एक अडचण येणार, आणि ती कुणी आधी सांगत नाही. राइट विंगर पहिल्या हाफला कॅमेऱ्याच्या बाजूच्या लाइनवर असेल तर हाफटाइमनंतर बाजू बदलल्या की ती पलीकडच्या लाइनवर जाते. वाइड लेन्सवर 1080p मध्ये पलीकडचं पोरगं म्हणजे मुंगी, तिची मान वळली का ते ब्रह्मदेवालाही दिसणार नाही. तरी आपण "वळली असेल" म्हणून टिक करतो. त्यामुळे मान वळवण्याची मोजणी फक्त ती जवळ असलेल्या हाफची करायची, तिन्ही मॅचेसची, आणि पत्रात तसं लिहायचं. दुसरी गोष्ट, बॉल राहिला की गेला, ती लांबून पण दिसते, म्हणून ती पूर्ण मॅचची. 4K मध्ये शूट केलंत तर झूम करून थोडं जास्त दिसतं, पण पलीकडच्या लाइनला तेही पुरत नाही असा माझा अनुभव.

मोजायला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. लॅपटॉपवर VLC मध्ये मॅच लावायची, ती बॉल घेते तिथं थांबायचं, थोडं मागं जायचं, आणि `E` दाबलं की एकेक फ्रेम पुढं सरकते. विंडोज असेल तर Kinovea फुकट आहे, त्यात स्लो मोशन आणि व्हिडिओवर बाण-गोल काढता येतात. एक्सेलमध्ये चार कॉलम: मिनिट, बॉल आला, बघितलं का, राहिला का. बस.

आपल्या पोरीचं असं निघालं समजा. मान वळवणं, जवळच्या हाफमध्ये: नोव्हेंबरला 11 वेळा बॉल आला, 2 वेळा बघितलं. जानेवारीत 9 पैकी 2. मार्चमध्ये 12 पैकी 7. बॉल राहणं, पूर्ण मॅच: नोव्हेंबरला 19 पैकी 8, जानेवारीत 17 पैकी 7, मार्चमध्ये 20 पैकी 13.

लगेच पत्र लिहायला घेऊ नका. आठवड्याने यातली एक मॅच परत मोजा, आधीचे आकडे न बघता. जमलं तर दुसऱ्या कोचला मोजायला द्या, व्याख्येचा कागद देऊन. दोन मोजण्यांत एक-दोनचा फरक येतोच, आणि तेवढा फरक म्हणजे काहीच बदललं नाही असं धरायचं. म्हणजे नोव्हेंबर आणि जानेवारी सारखेच. 2 चे 7 झाले हा फरक मोजणीच्या चुकीतून येणार नाही. पण मार्चची एकच मॅच आहे हे विसरू नका, शक्य असेल तर त्याच्या आधीची किंवा नंतरची एखादी मॅच पटकन चाळून बघा की तिथंही तसंच दिसतंय का. आणि दोन मोजण्यांत चार-पाचचा फरक यायला लागला तर व्याख्याच ढिली आहे, ती आधी घट्ट करा.

टक्केवारी काढायची नाही, ही माझी हट्टाची गोष्ट. 11 पैकी 2 चे 18 टक्के आणि 12 पैकी 7 चे 58 टक्के लिहिलंत की घरी फ्रिजवर ते दहावीच्या निकालासारखं लागतं. "12 पैकी 7" लिहिलं की वाचणाऱ्याला आपोआप कळतं की आकडा लहान आहे.

जानेवारीत काहीच हललं नाही त्याचं काय? ते लपवायचं नाही. या वयात मुली झपाट्याने उंच होतात, साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास वाढीचा वेग सगळ्यात जास्त असतो, मुलांचा त्याच्या दीड-दोन वर्षं नंतर, आणि पाय लांब झाले की काही महिने टच बिघडल्यासारखा वाटू शकतो. पण तिच्या बाबतीत तेच कारण होतं असं व्हिडिओ सांगत नाही, म्हणून पत्रात कारण ठोकून द्यायचं नाही. "जानेवारीपर्यंत आकड्यात फरक दिसला नाही" एवढंच लिहायचं. नवीन सवय मॅचमध्ये दिसायला ट्रेनिंगपेक्षा उशीर लागतोच.

क्लिप्स

एका पोराला सहा क्लिप्स, प्रत्येकी दहा-बारा सेकंद. सुरुवात बॉल यायच्या चार-पाच सेकंद आधी, नाहीतर मुद्दाच कापला जातो. पहिल्या दोन नोव्हेंबरच्या, एक जानेवारीची, मग मार्चच्या दोन चांगल्या, आणि शेवटची पण मार्चचीच पण जिथं जमलं नाही अशी. जोड्या लावताना प्रसंग सारखा घ्या, म्हणजे नोव्हेंबरला सेंटर मिडकडून पास आलाय आणि डिफेंडर पाठीला आहे, तर मार्चची क्लिप पण तशीच. मार्चमध्ये गोल मारलेला सुंदर आहे म्हणून तो टाकायचा मोह होतो, पण त्या गोलात तिने बघितलंच नसेल तर तो त्या जोडीत नको, हवं तर वेगळा पाठवा, आजीला दाखवायला.

बॉल यायच्या आधी एक सेकंद फ्रेम थांबवून तिच्याभोवती एक गोल काढा, बाकी बाण, स्कोर, म्युझिक काही नको. पालकाची नजर सवयीने बॉलकडे जाते, गोल नसेल तर ते दहा सेकंद बघतात आणि विचारतात "आमची कुठं आहे?"

पाठवताना व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून टाकलात तर तो दाबला जाऊन धूसर होतो, डॉक्युमेंट म्हणून जोडा, क्वालिटी तशीच राहते. आणि पालकांच्या ग्रुपवर कधीच नाही. एकेकाला वेगळं.

पालकांच्या आधी पोराला दाखवा. पाच मिनिटं, क्लिप थांबवून एवढंच विचारायचं, "इथं तुला काय दिसत होतं?" बऱ्याचदा पोरगं असं काही सांगतं जे व्हिडिओत नाही, "सर ती मला ओरडली मॅन ऑन म्हणून, म्हणून मी वळले नाही." ते पत्रात घ्या, तिचं वाक्य तिच्याच शब्दात.

पत्र

असं काहीतरी:

"नमस्कार ताई, नमस्कार दादा,

सोबत तुमच्या लेकीच्या सहा क्लिप्स पाठवतोय. यंदा तिच्यासोबत मुख्यतः एका गोष्टीवर काम केलं, पास येत असताना एकदा खांद्यावरून मागे बघायचं, म्हणजे बॉल आल्यावर कुठं जायचं ते आधीच माहीत असतं. क्लिप बघताना बॉलकडे नाही, गोल काढलाय त्यात तिच्या डोक्याकडे बघा.

पहिल्या दोन क्लिप्स नोव्हेंबरच्या आहेत. डोळे बॉलवर आहेत, मागून डिफेंडर आलेली तिला कळलेलं नाही. चौथी आणि पाचवी मार्चची, तसाच पास, तसाच डिफेंडर, पण ती आधी बघते आणि पहिल्याच टचला बॉल आतल्या बाजूला घेते. कॅमेऱ्याजवळच्या हाफमध्ये नोव्हेंबरला 11 पैकी 2 वेळा तिने बघितलं होतं, जानेवारीतही 9 पैकी 2 च, मार्चमध्ये 12 पैकी 7. पूर्ण मॅचमध्ये बॉल आपल्याकडे राहिला तो नोव्हेंबरला 19 पैकी 8 वेळा, जानेवारीत 17 पैकी 7 आणि मार्चमध्ये 20 पैकी 13. या तीनच मॅचेस आहेत, त्यामुळे आकड्यांपेक्षा क्लिप्स बघा.

सहावी क्लिप पण मार्चचीच, इथं बघून सुद्धा बॉल गेला, कारण बघितल्यावर ती एक सेकंद थांबली. पुढच्या सीझनला यावर काम करू. तिला विचारलं तर म्हणाली, 'दिसतं सर, पण ठरवायला वेळ लागतो.' मला ते बरोबर वाटतं.

घरी सराव घ्यायचा असेल तर भिंतीवर बॉल मारून परत यायच्या आत मागे तुम्ही किती बोटं दाखवताय ते तिने सांगायचं, दहा मिनिटं बास, आणि तिला कंटाळा आला तर नको.

क्लिप्स कृपया पुढे पाठवू नका, त्यात दुसऱ्यांची मुलं पण आहेत. काही विचारायचं असेल तर शनिवारी ट्रेनिंगनंतर भेटू."

एवढंच. यात दुसऱ्या पोराशी तुलना नाही, आणि ती मुद्दाम नाही. एकाच वयोगटात जानेवारीत जन्मलेलं आणि डिसेंबरात जन्मलेलं पोरगं यांच्यात जवळजवळ वर्षाचा फरक असतो, अकरा-बारा वर्षांच्या पोरांत वर्ष म्हणजे उंची, वजन, धावणं सगळंच वेगळं. वजनाबद्दल, शरीराबद्दल काही लिहायचं नाही. "पुढे जाऊन मोठा प्लेयर होईल" हेही नको, आणि "याला फुटबॉल जमणार नाही" तर मुळीच नको, तीन मॅचेसवरून दोन्हीपैकी काहीच सांगता येत नाही.

ज्या पोराच्या आकड्यात काहीच बदल नाही त्याचं पत्र अवघड, पण लिहायचं तेही. बहुतेक वेळा कारण व्हिडिओतच सापडतं, त्याला बॉलच कमी मिळतोय, किंवा दर मॅचला त्याची पोझिशन आपणच बदलतोय. मग पत्रात सरळ लिहा की यंदा त्याला एका जागी सलग खेळायला मिळालं नाही, पुढच्या सीझनला पहिले दोन महिने त्याला एकाच जागी ठेवतोय. गोलकीपरला वरच्या दोन मोजण्या चालत नाहीत, त्याच्यासाठी बॉल लांब असताना तो गोललाइनपासून किती पुढं उभा आहे, हे बघा, स्थिर कॅमेऱ्यात तेवढं व्यवस्थित दिसतं, फक्त दोन्ही गोल फ्रेममध्ये मावलेत का ते शूटिंगलाच तपासा.

पालक भेटायला येतात तेव्हा बाप बहुतेक वेळा सहाव्या क्लिपवर अडकतो, "इथं पास का नाही दिला?" असं पोरीकडेच बघून विचारतो. तेव्हा पहिली आणि चौथी क्लिप एकापाठोपाठ लावा आणि पोरीलाच समजावून सांगू द्या काय बदललं ते. आपण मध्ये बोलायचं नाही.

वीस पोरांची टीम असेल तर एका पोराला सगळं मिळून दीड-दोन तास धरा, म्हणून सगळं मार्चअखेरीला करायचं ठेवू नका, नोव्हेंबरच्या मॅचची मोजणी डिसेंबरमध्येच उरकून एक्सेलमध्ये ठेवा. पत्रं गेली की संमतीपत्रात लिहिलेल्या तारखेला पूर्ण मॅचेस डिलीट करा, फोनमधून, लॅपटॉपमधून आणि क्लाउडवर आपोआप बॅकअप गेला असेल तर तिथूनही, आणि रिसायकल बिन रिकामा करा. एक्सेलची फाइल आणि व्याख्यांचा कागद मात्र ठेवा, जूनमध्ये नवीन कोच आला तर त्याला तोच कागद द्या म्हणजे तोही तसंच मोजेल.